एज्युकेशनल सायकॉलॉजीसाठी अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी कशी लिहायची: एक विषय घेऊन सुरुवातीपासून

बीएड, एमएड किंवा एमए एज्युकेशनला एज्युकेशनल सायकॉलॉजीचा पेपर असला की कधीतरी अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफीचं असाइनमेंट येतंच, म्हणजे लेखांची यादी करायची आणि प्रत्येक नोंदीखाली त्या लेखाचा सारांश आणि मूल्यमापन करणारी छोटी टीप लिहायची, आणि बहुतेकजण दहा-बारा लेख गोळा करतात, प्रत्येकाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट थोडा फिरवून लिहितात आणि शेवटी "हा लेख शिक्षकांसाठी अत्यंत उपयुक्त आहे" असं टाकून मोकळे होतात. यात सारांश असतो पण मूल्यमापन कुठेच नसतं, आणि मार्क तिथेच जातात. लेख चांगला की वाईट हे विशेषणांनी ठरत नाही, तो अभ्यास कोणावर झाला, काय शिकवलं, कशाशी तुलना केली आणि परीक्षा किती दिवसांनी घेतली यावरून ठरतं. या चार गोष्टी हातात आल्या की मूल्यमापनाची दोन वाक्यं जवळजवळ आपोआप सुचतात. खाली मी एकच विषय घेऊन हे करून दाखवतेय, रिट्रीव्हल प्रॅक्टिसचा, म्हणजे पुस्तक मिटून आठवून काढण्याचा सराव. या विषयावर संशोधन भरपूर आहे, त्यात खरा वाद आहे आणि आपल्या घटक चाचण्यांशी त्याचा सरळ संबंध लागतो.

आधी प्रश्न, मग लेख

"रिट्रीव्हल प्रॅक्टिस" हा नुसता विषय झाला, त्यावर हजारो लेख निघतील आणि कुठला घ्यायचा कुठला सोडायचा हे कळणारच नाही. प्रश्न असा हवा की लेख वाचल्यावर तो आपल्या कामाचा आहे का हे सांगता आलं पाहिजे. आपण हा घेऊ: आठवीच्या विज्ञानाच्या वर्गात मार्क न धरता छोट्या चाचण्या घेतल्या, तर तोच धडा पुन्हा वाचण्यापेक्षा मुलांच्या जास्त दिवस लक्षात राहतं का? बघा, यात वयोगट आला, विषय आला, तुलना कशाशी ते आलं आणि "जास्त दिवस" हा काळाचा मुद्दापण आला. हा प्रश्न फाइलच्या अगदी वर लिहून ठेवा कारण प्रत्येक टीपेचं शेवटचं वाक्य याच प्रश्नाला उत्तर देणार आहे.

शोधायला ERIC हे लेखांचं ऑनलाइन भांडार बरं पडतं, ते फुकट आहे, फक्त शिक्षणाचंच आहे आणि तिथे पिअर-रिव्ह्यूड लेखांचा फिल्टर एका टिकने लागतो. Google Scholar दुसऱ्या पायरीला वापरा, तिथे एखाद्या महत्त्वाच्या लेखाखालच्या Cited by वर क्लिक केलं की त्याच्यावर नंतर कोणी काय लिहिलं ते सगळं निघतं, विरोधातलंसुद्धा. सर्चमध्ये असं टाका:

```
"retrieval practice" AND classroom AND science
"testing effect" AND "complex materials"
```

दुसरी ओळ मुद्दाम दिलीय. पहिल्या ओळीने बहुतेक बाजूनेच बोलणारे लेख येतात, आणि सगळे एकाच सुरात बोलणारे लेख घेतले तर मूल्यमापनाला जागाच उरत नाही. माझ्या मते सहा ते आठ लेखांच्या यादीत निदान चार प्रकार हवेत: एक मूळ प्रयोगशाळेतला अभ्यास, एक खऱ्या वर्गातला, एक उलट बाजू मांडणारा (आणि त्याला उत्तर आलं असेल तर तेही), आणि एक सगळ्या अभ्यासांचा आढावा.

वाचताना काय टिपायचं

लेख पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचायची गरज नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचा, मग प्रस्तावना सोडून थेट मेथडवर जा, मग निकालातला मुख्य आलेख किंवा तक्ता बघा आणि शेवटी डिस्कशनमध्ये लेखकांनी स्वतः कबूल केलेल्या मर्यादा वाचा. प्रस्तावना नंतर वाचली तरी चालते. वर म्हटलेल्या चार गोष्टी, म्हणजे कोण, काय शिकले, तुलना कशाशी आणि किती काळाने परीक्षा, या चार ओळींत लिहून काढा. हे लिहिताना लेख बंद ठेवा, समोर उघडा असला की अ‍ॅबस्ट्रॅक्टची वाक्यंच हातून उतरतात आणि मग प्लेजिअरिझम रिपोर्टमध्ये ती पिवळी होऊन दिसतात. आकडे मात्र नंतर उघडून तपासा.

पहिला लेख, पूर्ण करून

रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 चा लेख या विषयात जवळजवळ सगळेच घेतात. आधी नोंद लिहायची, एपीए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे ती अशी दिसते:

```
Roediger, H. L., III, & Karpicke, J. D. (2006). Test-enhanced learning: Taking memory tests improves long-term retention. Psychological Science, 17(3), 249–255. https://doi.org/10.1111/j.1467-9280.2006.01693.x
```

यात जर्नलचं नाव आणि 17 हा खंड क्रमांक इटॅलिक करायचा, कंसातला 3 नाही. Google Scholar च्या Cite बटणावरून कॉपी केलं तर अनेकदा डीओआय, म्हणजे लेखाची कायमची लिंक, येत नाही आणि कॅपिटल अक्षरं चुकीची येतात, त्यामुळे तिथून उचललं तरी हाताने नीट करायला लागतं. डीओआयची लिंक एकदा ब्राउझरमध्ये उघडून बघा, तोच लेख उघडतोय ना एवढी खात्री पुरे.

आता चार ओळी. कोण: वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे पदवीचे विद्यार्थी, पहिल्या प्रयोगात 120. काय शिकले: सूर्य आणि समुद्री ऑटर यांच्यावरचे छोटे उतारे. तुलना कशाशी: एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला, बरोबर-चूक काही सांगितलं नाही. कधी परीक्षा: कोणाची 5 मिनिटांनी, कोणाची 2 दिवसांनी, कोणाची आठवड्याने.

निकाल बघण्यासारखा आहे. 5 मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणंच पुढे होतं, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने चित्र पालटलं, आठवून लिहिलेल्या उताऱ्याचं 56 टक्के राहिलं आणि दोनदा वाचलेल्याचं 42. म्हणजे फायदा दिसतो तो काळ गेल्यावर. हा मुद्दा मनात ठेवा.

अशा लेखावर सहसा काय लिहून येतं ते बघू:

"या लेखात चाचण्यांमुळे स्मरणशक्ती वाढते हे सिद्ध केले आहे. लेखकांनी विषयाची सखोल मांडणी केली आहे. भाषा सोपी असून निष्कर्ष विश्वासार्ह आहेत. शिक्षकांनी हा लेख जरूर वाचावा."

यातलं शीर्षक झाकलं तर हे चाचण्यांवरच्या कुठल्याही लेखाला चिकटवता येईल. शिवाय पहिलंच वाक्य चूक आहे. स्मरणशक्ती वाढते असं लेख म्हणतच नाही, त्या विशिष्ट उताऱ्याची आठवण जास्त टिकते एवढंच तो दाखवतो, आणि 5 मिनिटांनंतरचा उलटा निकाल यात गायबच झालाय. "विश्वासार्ह" कशावरून तेही नाही.

आता हीच टीप वर काढलेल्या चार ओळींवरून:

"एकदा वाचून आठवून लिहिणं आणि दोनदा वाचणं यांची तुलना रोडिगर आणि कार्पिकी यांनी पदवीच्या 120 विद्यार्थ्यांवर केली. 5 मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुन्हा वाचणं सरस ठरलं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिलेल्या मजकुराचं 56 टक्के आणि पुन्हा वाचलेल्याचं 42 टक्के लक्षात राहिलं. चुका दुरुस्त करून न देताही फायदा दिसला आणि तुलना तेवढाच वेळ पुन्हा वाचण्याशी होती, त्यामुळे हा फरक निव्वळ जास्त सरावाचा म्हणता येत नाही. मात्र उतारे छोटे आणि एकमेकांशी न जोडलेले होते आणि विद्यार्थी प्रौढ होते, त्यामुळे शाळेतल्या सलग घटकाला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. माझ्या प्रश्नासाठी हा लेख चाचणी आणि परीक्षा यांत किती अंतर ठेवायचं त्याचा आधार देतो."

पाच वाक्यं. पहिलं वाक्य काय केलं ते सांगतं, दुसरं काय निघालं ते, तिसरं बलस्थान, चौथं मर्यादा, पाचवं आपल्या प्रश्नाशी नातं. बलस्थानाच्या वाक्यात "त्यामुळे" आहे आणि मर्यादेच्या वाक्यातही आहे, ते योगायोगाने आलेलं नाही, मेथडमधली एक ठोस गोष्ट आणि तिच्यामुळे निष्कर्षावर काय परिणाम होतो हे दोन्ही एका वाक्यात आले की त्याला मूल्यमापन म्हणायचं. "सॅम्पल लहान आहे" एवढंच लिहून थांबलात तर ते अर्धंच राहतं, लहान आहे तर मग काय बिघडतं तेही सांगायला हवं, आणि काही बिघडत नसेल तर ती मर्यादा लिहूच नका.

वर्गातला अभ्यास: तुलना नीट बघा

दुसरा लेख मॅकडॅनियल, अगरवाल आणि सहकाऱ्यांचा, 2011 चा, जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजीमधला. हा आपल्या प्रश्नाच्या एकदम जवळ, अमेरिकेतल्या शाळेत आठवीच्याच विज्ञानाच्या तासाला झालेला. मुलांना बहुपर्यायी छोट्या क्विझ दिल्या, उत्तरं सांगितली, आणि काही भागावर क्विझ घेतली काही भागावर घेतली नाही. पहिल्या प्रयोगात घटक परीक्षेत क्विझ झालेल्या भागात 13 ते 25 टक्के वाढ दिसली, आणि पुढच्या प्रयोगांत सत्र आणि वर्ष संपतानाच्या परीक्षेपर्यंत फायदा टिकला. क्विझ कधी घ्यायची हेही त्यांनी तपासलं, धड्याआधी, धड्यानंतर लगेच की परीक्षेच्या आधी उजळणी म्हणून, आणि उजळणीची क्विझ सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

इथे बरेचजण खूश होऊन लिहितात की प्रश्न सुटला. थांबा. तुलना कशाशी झाली? क्विझ झालेला भाग विरुद्ध क्विझ न झालेला भाग. म्हणजे ज्यावर क्विझ झाली तो भाग मुलांनी जास्त वेळा पाहिला, वर उत्तरंही कळली. मग फायदा आठवण्याचा की जास्त वेळा समोर येण्याचा? या तुलनेवरून ते वेगळं काढता येत नाही. आपल्या प्रश्नात "पुन्हा वाचण्यापेक्षा" हा शब्दप्रयोग आहे ना, त्याचं उत्तर हा लेख देत नाही, तो वर्गात हे चालतं का एवढंच सांगतो. मर्यादेचं वाक्य असं होईल: "तुलना क्विझ न झालेल्या भागाशी असल्यामुळे फायदा आठवण्याच्या प्रयत्नाचा की वाढीव सरावाचा हे या रचनेवरून ठरत नाही." आणि लगेच पुढे पहिल्या लेखाचा धागा जोडायचा: "रोडिगर आणि कार्पिकी यांनी ही तुलना नियंत्रित केली होती पण शाळेबाहेर, त्यामुळे दोन्ही अभ्यास एकत्र वाचावे लागतात." प्रत्येक टीप सुटी बेटासारखी न ठेवता अशी एखाद-दोन ठिकाणी जोडली की तपासणाऱ्याला कळतं तुम्ही लेख खरंच वाचलेत.

वाद असेल तर दोन्ही बाजू

या विषयात मला सगळ्यात आवडणारी जागा ही. 2015 मध्ये एज्युकेशनल सायकॉलॉजी रिव्ह्यूमध्ये व्हॅन गॉग आणि स्वेलर यांनी मांडलं की साहित्य जसजसं गुंतागुंतीचं होतं तसतसा चाचणीचा फायदा कमी होतो, कधी नाहीसाच होतो. गुंतागुंतीचं म्हणजे त्यांच्या लेखी ज्यात अनेक घटक एकमेकांवर अवलंबून आहेत आणि एकदमच डोक्यात धरावे लागतात, उदाहरणार्थ सोडवून दाखवलेलं गणित किंवा सर्किटमधला बिघाड शोधणं. स्वेलर हे कॉग्निटिव्ह लोड सिद्धांताचे, म्हणजे शिकताना डोक्यावर एका वेळी किती भार पेलतो याबद्दलच्या सिद्धांताचे, मूळ प्रवर्तक, त्यामुळे ही मांडणी त्या सिद्धांतातूनच येते. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये कार्पिकी आणि आऊ यांनी उत्तर दिलं: गुंतागुंत मोजायची कशी हेच ठरलेलं नाही, म्हणून ती कुठे कशी लावली यात सुसंगती नाही, गुंतागुंतीच्या साहित्यावर फायदा दाखवणारे अनेक अभ्यास आढाव्यात घेतलेलेच नाहीत, आणि ज्यात फायदा दिसला नाही त्यांत एकतर वाक्यातले सुटे शब्द आठवायला लावले होते नाहीतर शिकल्या शिकल्या लगेच सलग आठवायला लावलं होतं.

अशा जोडीवर लिहिताना "दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे" असं वाक्य लिहायचा मोह होतो, ते टाळा, त्यातून काहीच कळत नाही. वाद नेमका कशावर आहे ते पकडा. व्हॅन गॉग आणि स्वेलर म्हणतात कारण साहित्यात आहे, कार्पिकी आणि आऊ म्हणतात कारण आठवायला लावायच्या पद्धतीत आहे. मग स्वतःचं मत द्या आणि ते मेथडवर उभं करा. मी असं लिहीन: "गुंतागुंतीचं स्वतंत्र मोजमाप नसल्याचा आक्षेप मला पटतो, कारण त्याशिवाय फायदा न दिसलेलं साहित्य गुंतागुंतीचं होतं असं मागाहून ठरवता येतं. तरीही सोडवलेल्या उदाहरणांतून शिकताना फायदा सहज दिसत नाही ही नोंद उरतेच, त्यामुळे विज्ञानातल्या व्याख्या आणि प्रक्रियांसाठी चाचण्या वापरण्याचा आधार जितका भक्कम आहे तितका आकडेमोडीच्या गणितांसाठी मी धरणार नाही." तुमचं मत वेगळं असू शकतं, अडचण नाही, फक्त "कारण" च्या पुढे लेखातली गोष्ट हवी.

आणखी एक बघायचं, दोन्ही बाजूंचे लेखक आपापल्या सिद्धांताचे पुरस्कर्ते आहेत. हे टीपेत लिहायला हरकत नाही पण तेवढ्यावरून लेख पक्षपाती ठरवू नका, ती फक्त आढाव्यासाठी अभ्यास निवडताना काय सुटलं असेल ते तपासायची सूचना आहे.

आढावा लेख वेगळ्या पद्धतीने

आढाव्यात सहभागी आणि साहित्य एकच नसतं त्यामुळे चार ओळींचे प्रश्न बदलतात: अभ्यास कसे निवडले, किती सापडले, काय बाहेर ठेवलं. अगरवाल, नुनेस आणि ब्लंट यांचा 2021 चा आढावा फक्त शाळा-कॉलेजातल्या प्रत्यक्ष अभ्यासांचा आहे, 50 प्रयोग आणि 5,374 सहभागी. त्यात 57 टक्के परिणाम मध्यम किंवा मोठे निघाले. पण याच आढाव्यात लेखक सांगतात की पाश्चिमात्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही देशांबाहेर झालेले प्रयोग फक्त 6 टक्के होते. आपल्याकडचं कोणी लिहीत असेल तर हे वाक्य सोडूच नये. साठ मुलांच्या मराठी माध्यमाच्या वर्गात, जिथे चाचणी म्हटलं की मार्क आणि प्रगतिपुस्तक डोळ्यांसमोर येतं, तिथे "मार्क न धरता चाचणी" मुलांना तशीच वाटेल का हे त्या प्रयोगांवरून सांगता येत नाही. ही मर्यादा लेखाचा दोष म्हणून लिहू नका, लेखकांनी ती प्रामाणिकपणे मोजून दिलीय, ती आपल्या वापराची मर्यादा आहे असं लिहा.

इथे एक चूक फार होते. आढाव्यात वाचलेला एखादा मूळ अभ्यास स्वतः न उघडताच त्याची वेगळी नोंद करायची आणि आढाव्यातलं वाक्य त्याच्याखाली टाकायचं. पकडलं जातं कारण अशा टीपेत सहभागी किती आणि परीक्षा किती दिवसांनी हे कधीच नसतं. मूळ लेख मिळत नसेल तर Google Scholar वर शीर्षकाच्या खाली All versions बघा, लेखकांनी स्वतः ठेवलेली पीडीएफ बऱ्याचदा तिथे सापडते. नाहीच मिळाली तर तो लेख यादीतून काढा.

मांडणी आणि शेवटची तपासणी

एपीएमध्ये नोंदी पहिल्या लेखकाच्या आडनावाने अक्षरक्रमात लागतात, विषयवार नाही, कोर्सने वेगळं सांगितलं नसेल तर. नोंदीची पहिली ओळ समासाला आणि बाकीच्या अर्धा इंच आत, टीप खाली नव्या परिच्छेदात आणि ती पूर्णच अर्धा इंच आत. वर्डमध्ये हे टॅब दाबून करू नका, पॅराग्राफ सेटिंगमध्ये हँगिंग इंडेंट लावा, नाहीतर एक शब्द बदलला की सगळं विस्कटतं. टीपेत लेखाचं नाव आणि साल पुन्हा लिहायची गरज नाही, ते वरच आहे. शब्दमर्यादा कोर्स देतो, दिली नसेल तर 100 ते 150 शब्द पुरतात, आणि मर्यादेत बसत नसेल तर सारांश कापा, मूल्यमापन कापू नका.

जमा करण्याआधी दोन गोष्टी करा. प्रत्येक टीपेवरची नोंद झाकून टीप मैत्रिणीला वाचायला द्या आणि यादीतला कुठला लेख ते ओळखायला सांगा, ओळखता आला नाही तर ती टीप परत लिहायची. आणि "सिद्ध केले", "परिणाम होतो", "वाढते" ही क्रियापदं फाइलमध्ये शोधा, जिथे जिथे सापडतील तिथे मेथड परत बघा. प्रयोग असेल आणि मुलं किंवा मजकूर यादृच्छिक पद्धतीने वाटलेला असेल तर "परिणाम होतो" चालेल, नुसती प्रश्नावली भरून घेऊन दोन गोष्टींचा संबंध काढलेला असेल तर "संबंध आढळला" एवढंच लिहायचं. "सिद्ध केले" कुठेच नको, तिथे "दिसून आले" लिहा.